धुवावं तितका वास वाढतो: खाडीकाठच्या एका योगवर्गातल्या मॅटचं प्रकरण

मालवणच्या दक्षिणेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असा जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे. तिथे आमच्या वहिनी बायकांचा योगवर्ग घेतात. जागा म्हणजे घराची माडी, वर कौलं, तिन्ही बाजूंना खिडक्या. वर्गाच्या दहा मॅट आहेत, सगळ्या एकदमच घेतलेल्या, ६ मिलिमीटर जाडीच्या, टीपीई नावाच्या फोमच्या. अकरावी मॅट एका काकूंची स्वतःची, नैसर्गिक रबराची, लेकीने मुंबईहून आणलेली.

जुलैत वहिनींचा निरोप आला, "भावोजी, मॅटना वास येतो. आणि धुवावं तितका वाढतो." चपलांच्या सोलचा फोम तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून निरोप माझ्याकडे. त्यांच्या दुसऱ्या वाक्याने मी थांबलो. घामाचा वास धुतल्यावर निदान काही दिवस तरी कमी व्हायला हवा. तो वाढत असेल तर मॅटवर घामाखेरीज आणखी काही साठतंय आणि ते धुण्यातूनच येतंय, असा त्याचा अर्थ. त्यामुळे मॅट बघण्याआधी मी वहिनींना एकच काम सांगितलं: उन्हाळ्यापासून आजपर्यंत मॅटना काय काय लावलं ते सगळ्या जणींकडून विचारून लिहून ठेवा.

ती यादी अशी निघाली. एप्रिलपर्यंत वर्ग संपला की ओल्या फडक्याने पुसणं, एवढंच. मे महिन्यात घाम असह्य झाला, मॅट निसरड्या झाल्या. तेव्हा कपड्यांच्या साबणाची वडी, तेलापासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या साबणाची, आणि विहिरीचं पाणी घेऊन सगळ्या मॅट दोनतीनदा घासल्या. दोन मॅट तर नारळाच्या सोडणाने खसाखसा. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पाण्यात व्हिनेगर आणि टी ट्री तेलाचे थेंब घालून फवारा मारायचा आणि तसाच सुकू द्यायचा, हे सुरू झालं. पाऊस लागल्यावर वास आला, तेव्हा पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक आलं. एका मॅटवर रात्रभर खायचा सोडा पसरला. एक मॅट वॉशिंग मशीनमध्ये गेली. आणि रबराची मॅट काकूंनी मे महिनाभर रोज गच्चीवर कडक उन्हात टाकली.

यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या घरी चालून गेलेली असते, म्हणून ती सांगितली जाते. पण एकीवर एक अशा क्रमाने आल्यावर त्यांनी काय केलं, ते पाहू.

आधी नाक, मग हात

दुपारी माडीवर दहाही मॅट ओळीने पसरल्या. पहिल्यांदा प्रत्येक मॅट तीन ठिकाणी हुंगली: डोकं टेकतं तिथे, पाय असतात तिथे आणि उलटून खालच्या बाजूला. वास एक नव्हता, तीन होते. डोक्याच्या जागी खवट, जुन्या खोबऱ्यासारखा. पायांच्या जागी आंबूस, दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांचा. खालच्या बाजूला कुबट, बंद कपाटाचा.

हा भेद महत्त्वाचा, कारण तिन्हींची मुळं वेगळी आहेत. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्यात बहुतांश पाणी, थोडं मीठ, थोडा युरिया, थोडं लॅक्टिक आम्ल. त्वचेवरचे जिवाणू त्यातले आणि त्वचेच्या मृत पेशींमधले पदार्थ फोडतात, तेव्हा वासाची आम्लं तयार होतात. पायांच्या आंबूस वासामागे मुख्यतः आयसोव्हॅलेरिक आम्ल असतं. डोक्याकडचा वास मात्र घामाचा नव्हताच, तो केसांच्या खोबरेल तेलाचा होता. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यातही ते पातळच राहतं आणि शवासनात मॅटवर उतरतं. हवेत ते लवकर खराब होत नाही, पण ओल आणि सूक्ष्मजीव मिळाले की त्याची फोड होऊन खवट वास सुटतो. खालचा कुबट वास बुरशीचा: मॅट ओली असतानाच गुंडाळली जात होती.

नाकानंतर पांढरं सुती फडकं. ते साध्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून मॅटच्या एका वीतभर भागावर दहाबारा वेळा फिरवलं. फडक्यावर करडा-मळकट चिकट डाग आला आणि पुसलेल्या जागी बोट पुन्हा पकड घेऊ लागलं, तर तो वरचा थर. मॅट शाबूत आहे. फडक्यावर मॅटच्याच रंगाचे कण आले, तर फोम स्वतः झडतोय. आमच्या दहापैकी सात मॅटवर फक्त मळकट डाग आला. सोडणाने घासलेल्या दोन आणि मशीनमध्ये गेलेली एक, या तिघींचे जांभळे कण फडक्यावर आले. आणि जवळजवळ प्रत्येक मॅटवर फडकं फिरवताना बारीक फेस उठला. मे महिन्यातला साबण जुलैतही तिथेच होता.

विहिरीच्या पाण्याचं कडं

स्टीलची स्वच्छ थाळी घेऊन तिच्यावर दोन थेंब टाकले, एक विहिरीच्या पाण्याचा, दुसरा पागोळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्याचा. थाळी पंख्याखाली ठेवली. पावसाचा थेंब सुकला तेव्हा जागा शोधावी लागत होती. विहिरीच्या थेंबाने ठळक पांढरं कडं सोडलं. जुलैत, पावसाने विहीर बरीच गोडी झाल्यावर ही गत. मे महिन्यात, खाडीचं पाणी आत शिरून विहीर मचूळ होते तेव्हा ते कडं किती जाड असेल ते कळतंच.

प्रकरणाची गाठ इथे सुटली. मचूळ पाण्यात समुद्राच्या पाण्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतात. तेलापासून केलेला साबण त्यांना भेटला की फेस होण्याऐवजी त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. मचूळ पाण्याने अंघोळ केल्यावर अंगावर राहतो तोच. हा साका मॅटच्या खाचांमध्ये बसला. त्वचेचं तेल आणि खोबरेल त्यात धरून राहिलं. मग त्यावर व्हिनेगर आलं. साबणावर आम्ल पडलं की साबण मोडतो आणि ज्या तेलापासून तो झाला त्याची स्निग्ध आम्लं मोकळी होतात. म्हणजे व्हिनेगरने थर निघाला नाही, त्याचं मेणचट ओशट लुकण झालं, आणि ते पुसून न घेतल्यामुळे तसंच सुकलं. वहिनी म्हणाल्या, "फवारा मारायला लागल्यापासूनच मॅट मेणचट लागायला लागल्या होत्या." तो चिकटपणा याचाच.

उरलं मीठ. घामाचं मीठ आणि विहिरीच्या पाण्याचं मीठ, दोन्ही थरात अडकलेलं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच पाझरायला लागतं; पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसंच. आमच्या किनाऱ्यावर जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. म्हणून मॅट पुसून, पंख्याखाली सुकवून ठेवली तरी सकाळी दमट. जिवाणूंना आणि बुरशीला लागते ती ओल मीठ त्यांना रात्रंदिवस पुरवत होतं, आणि खायला तेलाचा थर होताच. मे महिन्यात ही सगळी सामग्री मॅटवर होती, पण कोरडी होती. जूनमध्ये पाऊस लागला आणि वास उठला.

जंतुनाशकाने दोन दिवस बरं वाटून पुन्हा वास का यायचा, तेही इथेच कळतं. जंतू मेले, पण थर, मीठ आणि ओल जागेवरच. नवे जंतू पायांबरोबर रोज येणारच. वास मारण्याच्या मागे न लागता थर आणि मीठ काढणं, हेच करण्यासारखं होतं. आणि ते फोमला धक्का न लावता.

फोमला काय सोसवतं

फोम म्हणजे असंख्य बारीक बुडबुडे. टीपीईच्या मॅटमध्ये हे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात आणि वर एक पातळ सलग पापुद्रा असतो. तो पापुद्रा शाबूत आहे तोवर घाम वरच राहतो आणि पुसून निघतो. घासून तो फाटला की वरचे बुडबुडे उघडे पडतात, प्रत्येक उघडा बुडबुडा घामाची वाटी होतो, आणि त्या वाटीत फडकं पोचत नाही. सोडणाने घासलेल्या दोन मॅटचा वास इतरांपेक्षा लवकर परत यायचा तो यामुळे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे: जांभ्याची तांबडी माती. अंगणातून आलेल्या पायांबरोबर तिचे खरखरीत कण मॅटवर येतात. ते न झटकता ब्रश चालवला तर आपण खरकागदानेच पापुद्रा घासत असतो.

दुसरा धोका तेलांचा. टीपीई मऊ राहावा म्हणून त्यात खनिज तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं तेलही त्यात सहज शिरतं. टी ट्री, निलगिरी, लिंबाच्या सालीचं तेल ही पातळ सुगंधी तेलं तर रबरासारख्या पदार्थांना फुगवतातच. बाटलीत हे तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. फवाऱ्याची नळी तळातून पाणी ओढते, म्हणून सुरुवातीला नुसतं व्हिनेगर-पाणी येतं आणि बाटली संपताना जवळजवळ निव्वळ तेल. वहिनींना विचारलं, फवारा नेहमी कुठून सुरू करता? दारापासून. मग खिडकीकडच्या शेवटच्या दोन मॅट उजेडात तिरप्या धरून बघितल्या. दोन्हींवर फुगून वर आलेले, बोटाने दाबल्यावर जास्त मऊ लागणारे ठिपके होते. दुधाळ होणाऱ्या जंतुनाशकांतही बहुतेक वेळा पाइनचं तेल असतं. पाण्यात पांढरं होणं ही त्यातल्या तेलाचीच खूण. फरशीला ते ठीक, फोमला नाही.

नैसर्गिक रबराचं याहून नाजूक. खोबरेलाने ते फुगतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ओझोनने त्याच्या साखळ्या तुटतात. काकूंची मॅट दुमडून पाहिली तर घडीवर बारीक भेगा होत्या आणि पायाच्या जागी रबर चिकट होऊन भुगा सुटत होता. तो चिकटपणा मळाचा नव्हता, रबर मोडल्याचा होता. फडक्याने पुसल्यावर तो कमी होत नाही, हीच ओळख.

ब्लीचिंगचं द्रावण इथे कुणी वापरलं नव्हतं, हे बरं. ते रबर आणि फोम दोन्ही कडक करून फोडतं, शिवाय व्हिनेगरबरोबर आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. स्पिरिटनेही मॅट पुसू नये. पीव्हीसीच्या मॅटमधला मऊपणा देणारा पदार्थ ते हळूहळू ओढून काढतं. आणि ज्या मॅटवर पाण्याचा थेंब दहा मिनिटांत आत मुरून काळपट ठिपका पडतो, ती उघड्या बुडबुड्यांची. तिला कधीच भिजत घालू नये, कारण पावसाळ्यात ती आतून सुकत नाही.

अर्ध्या मॅटवरची परीक्षा

सगळ्या मॅट एकदम धुण्याआधी एकच घेतली आणि तिचा फक्त अर्धा भाग धुतला.

पाणी पागोळीचं. पहिले काही पाऊस कौलं धुऊन गेलेले असल्याने ते स्वच्छ होतं, तरी फडक्यातून गाळून घेतलं. एक लिटर पाणी हाताला कोमट लागेल इतकंच तापवलं. ४० अंशांच्या वर नको. त्यात अर्धा चहाचा चमचा भांडी घासायचं लिक्विड. हे कृत्रिम डिटर्जंट असतं, कठीण पाण्यातही त्याचा साका होत नाही, म्हणून वडीऐवजी ते. शिवाय पाव चमचा खायचा सोडा, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. सोड्याचं काम इथे वास शोषण्याचं नाही. व्हिनेगरने मोकळी केलेली स्निग्ध आम्लं किंचित अल्कधर्मी पाण्यात पुन्हा साबणासारखी होऊन सुटून येतात, तेवढ्यासाठी तो. पायांच्या आंबूस वासाचं आम्लही त्याने मिठाच्या रूपात जातं आणि उडेनासं होतं. पण सोडा न विरघळता भुकटीच्या रूपात पसरला तर पावसाळ्यात ओल ओढून खाचांत त्याचा थर बसतो. ज्या मॅटवर रात्रभर सोडा टाकला होता तिच्या खाचांतून आम्हाला तो मऊ दातांच्या ब्रशने, अजिबात दाब न देता, ओला करून काढावा लागला.

मॅट प्रथम उभी धरून झटकली, मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने माती उचलून घेतली. घासली नाही. त्यानंतर जुन्या धोतराचं मऊ फडकं द्रावणात भिजवून, टपकणार नाही इतपत पिळून, एका दिशेने लांब हात मारत पुसलं. एवढं झाल्यावर पाच मिनिटं तशीच ठेवली. इथे सगळ्यांचीच घाई होते, पण ओशट थर मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि वेळ दिला की जोर लावावा लागत नाही. पुन्हा एकदा द्रावणाने पुसलं. फडकं मळलं की बाजू बदलायची, तेच परत मॅटवर न्यायचं नाही.

मग साबण काढणं. खरं काम हेच, आणि मे महिन्यात हेच राहून गेलं होतं. गोड्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत दुसरं फडकं, आणि फडकं फिरवताना फेस उठेनासा होईपर्यंत पुसत राहायचं. त्या अर्ध्या मॅटला चार वेळा पाणी बदलावं लागलं. साबणाबरोबर मीठही याच पाण्यात जातं, म्हणून हे पाणी मचूळ असून चालत नाही. धुण्याचं पाणी एकवेळ विहिरीचं चालेल, शेवटचं पाणी नाही.

शेवटी जाड टॉवेल मॅटवर पसरून दोन्ही एकत्र गुंडाळलं आणि त्यावर पाय देऊन दाबलं. पिळलं नाही. मॅट पिळली की बुडबुड्यांच्या भिंती फाटतात. मशीनमध्ये गेलेल्या मॅटच्या कडा त्यानेच उसवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात वहिनींनी काही न सांगता मॅटची दोन्ही टोकं सगळ्या जणींना हुंगायला दिली. एक आजी म्हणाल्या, "ह्या बाजूक काय्येक वास येना नाय गो, पन त्या बाजूक घाण वास येता." सगळ्यांनी तेच टोक दाखवलं. मी त्याहून जास्त भरवसा ठेवला तो हाताच्या स्पर्शावर. रात्रभर पाऊस कोसळत होता, तरी धुतलेला अर्धा भाग कोरडा लागत होता आणि न धुतलेला दमट. मीठ गेल्याचा पुरावा तो.

सुकवणं

बाकीच्या मॅटसाठी आम्ही उघडीपीची वाट पाहिली नाही, फक्त पंखा आणि जागा यांचा हिशेब केला. एका दिवशी तीनच मॅट, म्हणजे प्रत्येकीला वारा मिळतो. बारीक दोरीवर टाकली तर आपल्याच वजनाने मधे कायमची घडी पडते. म्हणून माडीच्या वाशांना आडवा जाड बांबू बांधून त्यावर घातल्या. दोनतीन तासांनी बाजू बदलायची. उन्हाची तिरीप आली तरी तिच्यात न्यायच्या नाहीत.

सुकली की नाही हे हाताने नीट कळत नाही, कारण दमट हवेत सगळंच गार लागतं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा काटा होता, त्याने वजन केलं. या मॅट सगळ्या एकाच मापाच्या, कोरड्या असताना एक किलोच्या आसपास आणि एकमेकींच्या बरोबरीच्या. धुतलेली मॅट त्या वजनावर परत आली की गुंडाळायची. मशीनमध्ये गेलेली मॅट या काट्यावर बाकीच्यांपेक्षा पाव किलोभर जड निघाली, आणि ती धुऊन आठवडा होऊन गेला होता. उसवलेल्या कडांमधून पाणी आत शिरून बसलं होतं. तिला दर दिवशी कोरड्या टॉवेलात दाबून, कडा वाऱ्याकडे करून ठेवलं. वजन खाली यायला बरेच दिवस लागले.

काटा नसेल तर मॅट एका जागी दुमडून घडीत कोरडा टिशू पेपर मिनिटभर दाबून ठेवावा. तो लवला किंवा मऊ पडला तर अजून ओल आहे.

काय सुटलं, काय नाही

टीपीईच्या सात शाबूत मॅटचा वास गेला आणि पकड परत आली. त्यांतल्या दोघींना डोक्याच्या जागी दुसऱ्यांदा धुवावं लागलं. खोबरेल फोममध्ये थोडं मुरलेलं होतं आणि पहिल्या धुण्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा वर आलं. हे होणारच. मुरलेलं तेल हळूहळू पृष्ठावर येतं तसं ते उचलत राहायचं, एका दिवसात काढायला जाऊन द्रावण कडक करायचं नाही. तेलाचे फुगलेले ठिपके महिन्याभरात बसले, पण त्या जागा किंचित चकचकीत राहिल्या आहेत आणि तिथे तळव्याची पकड इतर जागेपेक्षा कमी आहे.

सोडणाने घासलेल्या दोघींचा वास गेला खरा, पण त्या इतरांच्या निम्म्या दिवसांत पुन्हा वास धरतात. उघडे पडलेले बुडबुडे परत बंद होत नाहीत. त्या आता उलट्या बाजूने वापरतात.

तीन मॅटच्या खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके होते. त्यावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं. बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं होतं, त्यात तितकंच पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणलं, कापसाने फक्त ठिपक्यांवर टिपलं, दहा मिनिटांनी गोड्या पाण्याने दोनदा पुसून घेतलं. व्हिनेगर आसपासही येऊ दिलं नाही. दोन्ही एकत्र आले तर त्वचेला आणि श्वासाला झोंबणारं तीव्र आम्ल होतं. कुबट वास दोघींचा गेला, डाग फिके होऊन राहिले. तिसरीत, जी मशीनमध्ये जाऊन आलेली, बुरशी आतवर उतरली होती. वजन उतरल्यावरही चार दिवस गुंडाळून ठेवली की वास परत. वर्गात एकीला दमा आहे, त्यामुळे ती मॅट ठेवण्यात अर्थ नव्हता. टाकली.

काकूंच्या रबराच्या मॅटला नुसत्या गोड्या पाण्याने आणि लिक्विडच्या दोन थेंबांनी पुसून पाहिलं. तेल निघालं, पण भेगा आणि चिकटपणा तसाच. काकूंना वाईट वाटलं. "उन्हात टाकल्याशिवाय वास जातो होय रे?" म्हणाल्या. गोधडी, गादी, चटईसाठी ऊन खरंच उत्तम; कापूस आणि गवत ते सोसतं. रबर सोसत नाही. रबराच्या मॅटला सावलीतला वारा हेच ऊन.

आताची पद्धत

वर्गाला येताना जिन्याखालच्या बादलीत पाय धुऊन, पुसून वर यायचं. म्हणजे तांबडी माती आणि पायांचा बराचसा घाम खालीच राहतो. केसांना तेल असेल त्या दिवशी डोक्याखाली पंचा. वर्ग संपला की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा, लगेच कोरड्या फडक्याने एकदा, मग बांबूवर. गुंडाळणं दुसऱ्या दिवसावर टाकायचं. रोजच वर्ग असेल तर गुंडाळायच्याच नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्या काढून सुती खोळी शिवल्या. लिक्विडचं धुणं, सोडा न घालता, पावसाळ्यात पंधरवड्याने आणि एरवी महिन्याने. पागोळीचं पाणी एका झाकणाच्या पिंपात साठवलेलं असतं. ते संपेल तेव्हा वरच्या वाडीतल्या नळाचं पाणी आणायचं ठरलंय, आधी थाळीवर थेंब सुकवून बघूनच.

एक गोष्ट या धुण्याने होत नाही, आणि ती वहिनींना वेगळी सांगावी लागली. लिक्विड आणि पाणी जंतू मोठ्या प्रमाणात उचलून नेतात, पण मॅट निर्जंतुक करत नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे गजकर्ण आणि पायांच्या बोटांतल्या चिखल्या घराघरात असतात. त्या असलेल्या बाईने वर्गाची मॅट वापरू नये, स्वतःची आणावी आणि ती वेगळी ठेवावी, त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत. जिची स्वतःची मॅट नाही तिच्यासाठी वहिनींनी दोन मॅट बाजूला काढून त्यांच्या खोळींना वेगळ्या रंगाची नाडी लावली आहे.